दोन अज्ञाते, एक समीकरण : उत्तर एकच मागणे थांबवू या

शिक्षक मित्रांनो, आपल्या ग्रुपवर रोज सकाळी एखादं कोडं फोटोच्या रूपात येतं. कुणीतरी वहीवरचा किंवा पुस्तकातला फोटो टाकतो, दोन मिनिटांत चार उत्तरं येतात आणि मग "माझंच बरोबर" म्हणून वाद सुरू होतो. अशाच एका फोटोमुळे माझी वर्गात चूक झाली. ती सांगतो, कारण माझ्या मते ही चूक माझ्या एकट्याची नाही.

कोडं आपल्या जालन्याच्या मोसंबीचं होतं. मोठ्या क्रेटमध्ये 17 किलो मोसंबी बसते, लहान क्रेटमध्ये 12 किलो. एकूण 500 किलो मोसंबी दोन्ही प्रकारच्या पूर्ण भरलेल्या क्रेटमध्ये भरली. तर मोठे क्रेट किती आणि लहान किती? उत्तर खाली कुणीतरी लिहिलेलं होतं : मोठे 16, लहान 19. मी ताळा केला, 272 + 228 = 500. बरोबर आलं. कोडं फळ्यावर लिहिलं.

एका मुलीने उत्तर दिलं, "सर, मोठे 4 आणि लहान 36." मी म्हणालो, "चूक." ती खाली बसली. घरी येऊन सहज करून पाहिलं तर 17 × 4 = 68, 12 × 36 = 432, बेरीज 500. तिचं उत्तर पूर्ण बरोबर होतं! नंतर मूळ फोटो मागवला तेव्हा कळलं की खालची ओळ कापली गेली होती : "एकूण क्रेट 35 आहेत." ती अट असती तर 16 आणि 19 हेच एकमेव उत्तर. अट नसताना मात्र मी एका बरोबर उत्तराला चूक म्हटलं होतं.

आता प्रश्न असा, की अशी कोड्याची सगळी उत्तरं मिळवायची कशी? आपण मुलांना सांगतो, "दोन चलं असतील तर दोन समीकरणं लागतात, एकाने भागत नाही." हे अर्धं खरं आहे. एका समीकरणाला अनंत उकली असतात हे पाठ्यपुस्तकातही आहे. पण उकली पूर्णांकातच हव्यात असं म्हटलं की चित्र बदलतं. अर्धा क्रेट चालणार नाही, उणे क्रेटही नाही. ही अट दुसऱ्या समीकरणाचं थोडंफार काम करते.

फळ्यावर असं मांडा :

17x + 12y = 500

लहान सहगुणक 12 आहे, म्हणून y एकटा करू.

y = (500 − 17x) / 12

भागाकार जमेल तेवढा बाहेर काढू. 500 म्हणजे 12 × 41 + 8, आणि 17 म्हणजे 12 + 5. म्हणून

y = 41 − x + (8 − 5x) / 12

y पूर्णांक हवा, म्हणजे 5x − 8 ला 12 ने नि:शेष भाग गेला पाहिजे. 5x − 8 = 12k असं लिहिलं तर x = (12k + 8) / 5. आता 17 आणि 12 च्या जागी 12 आणि 5 आले. अवघड प्रश्न लहान झाला. k = 0 ठेवलं तर 8/5, जमत नाही. k = 1 ठेवलं तर 20/5 = 4. मिळालं! x = 4, म्हणून y = 36. आकडे मोठे असतील तर हीच कुटाकुटी आणखी एक-दोनदा करायची. आपल्याकडे या पद्धतीचं नावच कुट्टक आहे. आर्यभटाने ती इ. स. 499 मध्ये दिली आणि भास्कराचार्यांच्या लीलावतीत तिच्यावर स्वतंत्र प्रकरण आहे.

एक उत्तर मिळालं. इथेच बहुतेक जण थांबतात, आणि माझा आक्षेप इथेच आहे. पुढची पायरी खरं तर सर्वांत सोपी आहे. 12 मोठ्या क्रेटचं वजन 204 किलो होतं आणि 17 लहान क्रेटचंही 204 किलोच. म्हणजे 17 लहान काढून 12 मोठे ठेवले तर एकूण वजन तेच राहणार. म्हणून

x = 4 + 12t, y = 36 − 17t (t कोणताही पूर्णांक)

हे झालं सामान्य रूप. मुलं विचारतील, "सर, याशिवाय आणखी उत्तर नसेल कशावरून?" प्रश्न रास्त आहे. समजा (x, y) ही कोणतीही दुसरी उकल आहे. दोन्ही समीकरणांची वजाबाकी केली की 17(x − 4) = 12(36 − y) मिळतं. उजव्या बाजूला 12 आहे, म्हणून डावी बाजूही 12 ने भागली गेली पाहिजे. 17 आणि 12 यांत 1 शिवाय सामाईक अवयव नाही, म्हणून x − 4 लाच 12 ने भाग जायला हवा. म्हणजे x 12-12 नेच पुढे-मागे सरकतो, मधलं काही सुटत नाही.

आता क्रेट ऋण नकोत. t = 0, 1, 2 ठेवलं की (4, 36), (16, 19), (28, 2). t = 3 ला y ऋण होतो आणि t = −1 ला x. म्हणून उत्तरं बरोबर तीन. क्रेटची बेरीज अनुक्रमे 40, 35, 30. कापलेल्या ओळीने नेमकं यांतलं एक निवडलं होतं.

फोटोच्या कोड्यात आणखी एक गंमत होते. अंक पुसट असतो. ग्रुपवर एकाने 17 ऐवजी 15 वाचलं आणि तासभर उत्तर शोधत बसला. 15 आणि 12 चा मसावि 3. म्हणजे 15x + 12y नेहमी 3 ने भाग जाणारी संख्या येणार, आणि 500 ला 3 ने भाग जात नाही. उत्तर शक्यच नाही. मसावि उजव्या बाजूला भागत नसेल तर शोधाशोध करायचीच नाही. पण याचा उलट अर्थ घेऊ नका. भाग गेला म्हणून अंक बरोबर वाचला असं सिद्ध होत नाही. समजा कुणी 16 वाचलं. 16 आणि 12 चा मसावि 4, तो 500 ला भागतो, म्हणजे उत्तरं आहेत.

याच 16 च्या उदाहरणात मुलं हमखास घसरतात. x = 2, y = 39 ही उकल सापडते आणि सवयीने ती x मध्ये 12 मिळवतात, y मधून 16 वजा करतात. उत्तरं येतात बरोबर, पण मधली सुटतात. आधी 4 ने भागून घ्या : 4x + 3y = 125. मग x = 2 + 3t, y = 39 − 4t. पायरी 3 आणि 4 ची. x = 5, 8, 11 ही उत्तरं 12 च्या उडीत दिसलीच नसती.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. असं कोडं वर्गात द्यायच्या आधी तीन गोष्टी कागदावर करा : मसावि तपासा, एक उकल काढा, सामान्य रूप लिहून किती उत्तरं बसतात ते मोजा. पाच मिनिटांचं काम आहे. एकच बसलं तर "उत्तर काय?" विचारा, जास्त बसली तर "उत्तरं किती?" विचारा.

त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी उभं केलं आणि तिचं उत्तर फळ्यावर तिच्याकडूनच लिहून घेतलं. तिने लिहिलं आणि म्हणाली, "सर, मग 28 आणि 2 पण चालेल ना?"