बदली गुरुजी आले, पण पहिल्या पंधरा मिनिटांचं काय?

वाडी-वस्तीवरच्या द्विशिक्षकी शाळेत एक गुरुजी निवडणुकीच्या कामाला आणि दुसरे अचानक रजेवर गेले, की केंद्रप्रमुख शेजारच्या शाळेतून एक शिक्षक धाडतात. समोर पहिली ते चौथीची पोरं एकाच खोलीत आणि एकाचंही नाव माहीत नाही. बहुतेक जण आधी विचारतात, "कुठपर्यंत शिकवलंय?" चार इयत्तांची चार उत्तरं येतात, गलका होतो आणि वर्ग हातातून जातो.

त्यापेक्षा पहिली पंधरा मिनिटं चिंचोक्यांवर काढता येतात. चिंचोके नसले तर आवारातले खडे चालतात. पहिल्या तीन मिनिटांत प्रत्येक इयत्तेतला एकेक असे चौघांचे गट करायचे. कुठल्या इयत्तेत पोरं जास्त असतील, तर ती जोडीनं बसतात.

पुढची नऊ मिनिटं खेळाची. पहिलीच्या मुलीनं मूठभर चिंचोके घेऊन मोजले, समजा १४ निघाले. दुसरीच्या मुलानं आपल्या मुठीतले १७ मोजून दहाचा एक ढीग केला, सात सुटे ठेवले. तिसरीचा दोन्ही मुठी एकत्र करतो. सुटे चार आणि सात मिळून अकरा, म्हणजे दहाचा आणखी एक ढीग होतो आणि एक सुटा उरतो. एकूण ३१. चौथीची मुलगी ते चौघांत सारखे वाटते. प्रत्येकाला सात मिळतात, तीन उरतात. हातचा आणि बाकी दोन्ही डोळ्यांसमोर दिसतात.

घोळ होतो तो मोठ्यांमुळे. धाकटी मोजत असताना चौथीची पोरं उत्तर सांगून टाकतात. म्हणून त्यांनी आधीच पाटीवर अंदाज लिहायचा आणि पाळी येईपर्यंत हात मागं बांधायचे. आणखी एक, अंगणवाडीतलं धाकटं भावंड सोबत असेल तर त्याला लांब बसवावं. चिंचोका तोंडात घातला तर घशात अडकतो.

शेवटची तीन मिनिटं आकडे पाटीवर लिहून घ्यायची. कुणी एकतीस हा ३०१ असा लिहिला, तर त्याला ढीग करता येतात पण दशक-एकक कळलेलं नाही, हे ओळखावं. अशा मुलांची नावं चिठ्ठीवर लिहून ठेवली, तर नेहमीच्या गुरुजींना परत आल्यावर कुठून सुरुवात करायची ते कळतं.

एवढ्यानं वर्ग शांत होतो आणि कोण कुठं आहे तेही समजतं. पण हा उपाय एका दिवसाचा. शिक्षण हक्क कायद्यानं साठ पोरांपर्यंत दोन शिक्षक ठरवून दिलेत. त्यातली एक खुर्ची महिनोन्महिने रिकामी राहिली, तर तिथला अभ्यास चिंचोक्यांनी भरून निघत नाही.