‘फक्त अडीच टक्के’ म्हणणाऱ्यांना एक प्रश्न विचारा

मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर 4 टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर नेला. बातम्यांमध्ये ‘अडीच टक्क्यांची वाढ’ आली आणि ऐकणाऱ्याला वाटलं, शंभराला अडीच रुपये जास्त जातील. हा समज चुकीचा आहे, आणि तो दुरुस्त न करणाऱ्यांचं त्यात काही बिघडत नाही.

4 वरून 6.5 हा फरक अडीच टक्केबिंदूंचा आहे. टक्केबिंदू म्हणजे दोन टक्केवारींची साधी वजाबाकी. पण 4 च्या तुलनेत अडीच म्हणजे 62.5 टक्के वाढ.

आता कल्याण-डोंबिवलीतल्या एका घराचा हिशेब मांडू. कर्ज घ्यावं की नाही, हा वेगळा विषय. घेतलं असेल तर आकडा तरी समजायला हवा. 30 लाखांचं कर्ज, 20 वर्षं, रेपोशी जोडलेला 7 टक्के दर. हप्ता साधारण 23,260 रुपये. पहिल्या महिन्याचं व्याज 17,500, उरलेली रक्कम मुद्दलात.

दर अडीच टक्केबिंदूंनी वाढून 9.5 झाला. मुद्दल सोयीसाठी 30 लाखच धरू. महिन्याचं व्याज होतं 23,750, म्हणजे जवळपास 36 टक्के जास्त. मुदत तीच ठेवली तर हप्ता सुमारे 27,960 होतो, म्हणजे 20 टक्के जास्त. आणि हप्ता जुनाच ठेवला तर? 23,260 मध्ये व्याजसुद्धा भागत नाही. हप्ते भरत राहूनही कर्ज वाढत जातं. ‘हप्ता तोच राहील, काळजी करू नका’ हे वाक्य म्हणूनच धोक्याचं. ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे ग्राहकाला निवडू द्या आणि मुदत वाढवताना कर्ज फुगू देऊ नका.

मतांच्या आकड्यांतही हीच चलाखी चालते. विधानसभेला काँग्रेसची मतं 2019 मध्ये 15.87 टक्के होती, 2024 मध्ये 12.42. समर्थक म्हणेल, ‘साडेतीन टक्केच घटली.’ विरोधक म्हणेल, ‘22 टक्के घटली.’ पहिल्याने टक्केबिंदू सांगितले, दुसऱ्याने टक्के. वजाबाकी आणि भागाकार दोन्ही बरोबर आहेत. लपवली आहे ती सुरुवातीची संख्या. शिवाय 2024 मध्ये पक्षाने कमी जागा लढवल्या, तेव्हा ही सगळी घट मतदार पाठ फिरवून गेल्याची नाही. हे दोघांपैकी कुणीच सांगत नाही.

म्हणून बँकेचा माणूस असो, टीव्हीवरचा तज्ज्ञ असो की मुंब्र्याच्या नाक्यावरचा कार्यकर्ता, ‘इतके टक्के’ ऐकलं की विचारा: कितीवरून किती? दोन्ही आकडे मिळाले की वजाबाकी आणि भागाकार आपले आपण करता येतात. समोरचा एकच आकडा देऊन थांबत असेल, तर दुसरा मिळेपर्यंत ना सही करा, ना तो आकडा पुढे पाठवा.