‘बघतो साहेब’ म्हणण्याऐवजी

आपल्याकडच्या कचेऱ्यांमध्ये साहेबाला ‘नाही’ म्हणायची रीत नाही. म्हणून आपण ‘बघतो साहेब’ म्हणतो. या दोन शब्दांचा अर्थ साहेब ‘होईल’ असा घेतो आणि आपल्या मनात मात्र ‘जमलं तर’ एवढाच असतो. दोघेही खूश होऊन आपापल्या जागी बसतात आणि चार दिवसांनी काम अडलं की भांडण होतं. माझं म्हणणं असं की, जास्तीचं काम टाळायला ‘नाही’ हा शब्द लागतच नाही. हातात काय काय आहे आणि त्याला किती तास लागतील, हे समोर मांडायचं आणि विचारायचं, ‘यातलं मागे काय ठेवू?’

मी बरीच वर्षं एका छोट्या कारखान्याच्या हिशोब खात्यात काढली. त्या खात्याचा महिना तारखांवर चालतो. सात तारखेला टीडीएस भरायचा, अकराला विक्रीचं विवरण म्हणजे जीएसटीआर-१, पंधराला पीएफ आणि ईएसआय, वीसला जीएसटीआर-३बी. शिवाय कॅश क्रेडिट असेल तर बँकेला दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट द्यावं लागतं. आमची बँक ते दहा तारखेला मागायची. या तारखा साहेबाच्याही हातात नसतात आणि आपल्याही नसतात.

अशाच एका महिन्यात, आठ तारखेला, सोमवारी दुपारी साहेबांनी बोलावलं. म्हणाले, ‘गुरुवारी संध्याकाळी मालकांबरोबर बैठक आहे. सगळ्या गिऱ्हाइकांची तीन वर्षांची थकबाकी काढून ठेवा, कोणाकडे किती आणि किती दिवसांची.’ मी म्हणालो, ‘दहा मिनिटं द्या साहेब, हातातल्या कामांचा अंदाज घेऊन येतो.’ ही दहा मिनिटं महत्त्वाची असतात. उभ्या उभ्या दिलेलं उत्तर बहुधा ‘बघतो’ हेच असतं.

जागेवर येऊन मी कागदावर तास मांडले. कामाचा दिवस आठ तासांचा असला, तरी रोजची व्हाउचरं, पेमेंट आणि फोन यांत दोन तास जातात. हाती सहाच उरतात. सोमवारचे तीन आणि पुढच्या तीन दिवसांचे अठरा मिळून गुरुवार संध्याकाळपर्यंत एकवीस तास होते. जीएसटीआर-१ साठी नऊ तास लागणार होते, कारण क्रेडिट नोटा जुळवायच्या राहिल्या होत्या. स्टॉक स्टेटमेंटला पाच. म्हणजे चौदा गेले, सात उरले. तीन वर्षांच्या थकबाकीला मात्र बारा तास लागणार होते. पाच तास कमी पडत होते. पीएफची तारीख पंधरा असल्यामुळे ते काम मी या हिशोबात धरलंच नाही. जे थांबू शकतं, ते अडचण म्हणून दाखवायचं नसतं.

कागद घेऊन परत गेलो आणि एवढंच म्हणालो, ‘साहेब, गुरुवारपर्यंत ही तीन कामं आहेत आणि पाच तास कमी पडतात. तीन गोष्टी करता येतील. थकबाकीचा पूर्ण अहवाल शुक्रवारी देतो. किंवा स्टॉक स्टेटमेंट बारा तारखेला देऊ, पण बँक तोवर उचल अडवू शकते. किंवा तीन दिवस माझी व्हाउचरं दुसऱ्या कोणाकडे द्या, म्हणजे रोज दोन तास सुटतील आणि सगळंच वेळेत होईल. यातलं काय करू?’

जीएसटीआर-१ मी मुद्दामच यादीत ठेवलं नव्हतं. ते का, हेही सांगितलं. उशिराचं शुल्क दिवसाला पन्नास रुपये, म्हणजे ते कोणालाच फार बोचत नाही. खरा फटका वेगळा असतो. विवरण अकरा तारखेनंतर गेलं, तर आपली बिलं गिऱ्हाइकाच्या चौदा तारखेला तयार होणाऱ्या जीएसटीआर-२बी मध्ये येत नाहीत, पुढच्या महिन्यावर जातात. मग त्याला त्या कराचं क्रेडिट या महिन्यात घेता येत नाही आणि तो आपल्या पेमेंटमधली कराची रक्कम अडवून ठेवतो. थकबाकीच्या बैठकीसाठी नवी थकबाकी उभी करण्यात काही अर्थ नव्हता.

साहेबांनी कागद पाहिला आणि म्हणाले, ‘अहो, सगळी कशाला? नव्वद दिवसांवर थकलेली नावं द्या, मालक तेवढंच विचारणार.’ बारा तासांचं काम चार तासांवर आलं. तेवढे तास माझ्याकडे होतेच.

मी ‘होत नाही’ म्हटलं असतं, तर साहेबांना माझा नकार ऐकू आला असता. ‘बघतो’ म्हटलं असतं, तर मी रात्री बसून तीन वर्षं चाळली असती आणि बैठकीत त्यातलं एकच पान उघडलं असतं. काम सांगणाऱ्याला त्या कामाची किंमत बहुतेक वेळा माहीत नसते. तासांत ती दिसली की, आपल्याला नेमकं काय हवंय याचा विचार तो पहिल्यांदा करतो.

यावर लोक म्हणतात, असा हिशोब मांडणारा माणूस कामचुकार ठरतो. ठरतो, पण तास फुगवून सांगितले तरच. चार तासांच्या कामाला दहा सांगणारा एकदा पकडला गेला की, त्याच्या पुढच्या कोणत्याच आकड्यावर विश्वास राहत नाही. अर्ध्या तासाच्या कामासाठी कागद घेऊन जाणाऱ्याचंही तेच होतं. ते काम करून मोकळं व्हावं.

दुसरी अडचण अशी की, काही साहेबांचं उत्तर ठरलेलं असतं, ‘सगळंच महत्त्वाचं आहे.’ तिथे वाद घालू नये. आपण क्रम लावावा आणि दोन ओळींचा निरोप पाठवावा: ‘आधी जीएसटीआर-१, मग स्टॉक स्टेटमेंट, थकबाकी शुक्रवारी दुपारी. यात बदल हवा असेल तर आज सांगा.’ उत्तर आलं नाही, तरी क्रम त्यांना कळलेला असतो. मात्र हा निरोप सोमवारी जायला हवा. बुधवारी रात्री पाठवला, तर त्याला सबब म्हणतात आणि ते बरोबरच आहे. कारण तोवर साहेबांच्या हातात निवडायला काही उरलेलं नसतं.

या पद्धतीला मर्यादाही आहे. दर महिन्याला आठवडाभर पाच तास कमीच पडत असतील, तर प्रश्न क्रमाचा राहत नाही, माणसं कमी आहेत. तेव्हा ‘आधी काय’ विचारत राहणं म्हणजे दरवेळी कोणत्या तरी कामाचा बळी द्यायला परवानगी मागणं. तिथे तीन महिन्यांचे कागद एकत्र करून पुढे ठेवावेत. साहेबालाही वर उत्तर द्यायचं असतं, आणि माणूस मागायला जाताना त्याच्या हाती आपल्या कुरकुरीपेक्षा तासांचा कागद असलेला बरा.

मला खटकते ती वेगळीच गोष्ट. गप्प राहून सगळं अंगावर घेणाऱ्याला आपण निष्ठावान म्हणतो. पण दिवसाचे तास वाढत नाहीत. काहीतरी मागे पडणारच, आणि काय मागे पडायचं ते तो माणूस एकटा, कोणाला न सांगता ठरवतो. स्टॉक स्टेटमेंट राहून गेलं, हे साहेबांना बँकेच्या फोनवरून कळतं. तो निर्णय साहेबांचा होता, आणि तो घ्यायची संधीच त्यांना मिळाली नाही.