शेवट सांगून टाकावा

कादंबरीचा शेवट आधी सांगणाऱ्यावर आपण डाफरतो. मराठीत लेखक बहुधा सरळ प्रकाशकाकडेच हस्तलिखित धाडतो, त्यामुळे हा शिष्टाचार निभावून जातो. इंग्रजी प्रकाशनव्यवहारात मात्र लेखक आणि प्रकाशक यांच्यामध्ये एजंट असतो. त्याला आधी एका पानाचा, सुमारे पाचशे शब्दांचा सारांश लागतो आणि त्यात शेवट सांगावाच लागतो. हा कलेचा खून आहे असे आमच्या वर्गातील काहींचे मत. मला ते पटत नाही.

मलपृष्ठावरचा मजकूर गिऱ्हाइकाला असतो. तिथे उत्सुकता ताणावी. एजंटाला पुस्तक विकत घ्यायचे नसते, विकायचे असते. कथानक उभे राहते की मध्येच बसते, हे त्याला शेवटाशिवाय कसे कळणार?

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) घेऊन मी हा प्रयोग केला. कादंबरीत 'मी' बोलतो. सारांशात 'तो' लागतो, आणि क्रियापदे वर्तमानकाळी. पहिला खर्डा असा झाला : मास्तर वाडीत येतो, मग शाळा भरते, मग तालीम बांधतात, मग राजेसाहेब येतात, मग कारभारी मरतो, मग दुष्काळ पडतो. ही तर नुसती हजेरी! 'मग'च्या जागी 'म्हणून' बसते का, ते पाहावे. जिथे बसत नाही तिथे सांधा निखळलेला असतो.

दुसऱ्या खर्ड्यात दादू, अंजी, आनंदा रामोशी यांना वगळले. जीव तुटला, पण एका पानात चारपाचच नावे मावतात. मग असे जुळले : औंध संस्थानातला तरुण, बुजरा मास्तर राजाराम धनगरांच्या वाडीत येतो. कारभारी त्याला आधार देतो, म्हणून शाळा भरू लागते. लोक त्याला आपला मानतात, म्हणून त्याच्या शब्दावर अंगमेहनतीने तालीम उभी राहते. पुढे कारभारी जातो, पाऊस दगा देतो, मेंढरांना चारा उरत नाही, म्हणून माणसे वाडी सोडतात. शेवटी मास्तरही निघतो.

दुष्काळ कुणाच्या करणीने येत नाही, तेव्हा इथे 'म्हणून' लावता येत नाही. यावर उपाय एकच. वाडीचे पोट मेंढरांवर आणि मेंढरांचे पावसावर, हे पहिल्याच परिच्छेदात सांगून ठेवायचे. नाहीतर शेवट आभाळातून पडल्यासारखा वाटतो. (आम्हा पाथर्डीकडच्यांना हे सांगावे लागत नाही. ऊसतोडीच्या दिवसांत ओस पडलेल्या वाड्या आम्ही पाहतोच. पण परक्या वाचकाला सांगावे लागते.)

शेवट झाकून हाच सारांश वाचला, तर एका होतकरू मास्तराची यशोगाथा वाटते. शेवट घातला की ज्या वाडीने त्याला घडवले तीच उरत नाही, हे दिसते. कादंबरी त्याबद्दलच आहे.

माडगूळकरांची बोली मात्र त्या पानात येत नाही. म्हणूनच एजंट सारांशासोबत बहुधा सुरुवातीची काही पानेही मागतात.