पगार हलत नाही? मग सुट्टी मागा!

ऑफर लेटरचा मेल उघडल्यावर आपण सगळे एकच गोष्ट करतो. ‘वुई आर प्लीज्ड’ वगैरे सोडून थेट आकड्यावर उडी मारतो. आणि आकडा बघून तोंड कडू झालं की दोनच रस्ते दिसतात, गपचूप हो म्हणायचं किंवा ‘सर, थोडं वाढवा ना’ म्हणत घासाघीस करायची. तिसरा रस्ता सहसा कुणाला सुचत नाही. भाईंदरच्या माझ्या एका मैत्रिणीला तो सुचला, म्हणून आज तिचीच गोष्ट.

तिला लोअर परेलच्या एका ऑफिसातून ऑफर आली, वर्षाला 4 लाख 80 हजार. तिच्या मनात होते 5 लाख 60 हजार. तिने एकदा विचारलं, एचआरने गोड आवाजात सांगितलं, ‘या पोस्टचा बँड इथेच संपतो.’ हे नेहमीच थापेबाजीचं उत्तर नसतं बरं का! एकाला जास्त दिलं की त्याच टीममधले जुने चार जण दुसऱ्या दिवशी केबिनबाहेर उभे राहतात. पण पगाराला कुलूप असलं, तरी बाकीच्या कपाटांच्या चाव्या वेगळ्या लोकांकडे असतात. घरून काम करू द्यायचं की नाही हे बहुतेक वेळा तुमचा होणारा मॅनेजर ठरवतो. कोर्सचे पैसे ट्रेनिंगच्या बजेटमधून जातात. म्हणून पगारावर ‘नाही’ मिळालं की तिथेच डोकं आपटत बसू नका, दुसरं दार वाजवा.

आधी हिशेब. भाईंदर पूर्वेला घरातून रिक्षा, मग लोकल. लोअर परेलला फास्ट गाडी थांबत नाही, म्हणून दादरला उतरून स्लो पकडायची आणि मग स्टेशनपासून चालायचं. दारापासून दारापर्यंत पावणेदोन तास, म्हणजे रोजचे साडेतीन. आठवड्यात दोन दिवस घरून काम केलं तर सात तास वाचतात. सुट्ट्या वगळून वर्षाचे 46 आठवडे धरा, 322 तास झाले. नऊ तासांच्या ऑफिसने भागा, जवळजवळ 36 दिवस! एवढी सुट्टी कुठली कंपनी देते, सांगा?

मात्र पैशात हा फायदा छोटाच आहे. लोकलचा पास तर काढावाच लागतो, वाचते फक्त रिक्षा आणि बाहेरचं खाणं. दिवसाला शंभर रुपये धरले तरी वर्षाला नऊ-सव्वानऊ हजार. म्हणजे हा सौदा वेळेचा आहे, 80 हजारांची भरपाई नव्हे. हे डोक्यात पक्कं असू द्या.

आता सुट्टी. ‘आम्ही वर्षाला 20 लीव्ह देतो’ हे एचआर असं सांगतं, जणू बोनसच! महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला 8 किरकोळ रजा आहेत, आणि वर्षात 240 दिवस काम केलं की दर 20 दिवसांमागे एक भरपगारी रजा. 240 दिवसांचा हिशेब केला तर 12 अधिक 8, झाल्या की 20! सणांच्या 8 सुट्ट्या वेगळ्या. मॅनेजर पदावरच्यांना आणि अगदी छोट्या ऑफिसांना हा कायदा लागू होत नाही, पण तुमची ऑफर खरंच उदार आहे की कायद्यापुरतीच, हे मोजायला फूटपट्टी मिळते.

मैत्रिणीने सहा जास्त दिवस मागितले. उत्तर आलं, ‘लीव्ह पॉलिसी सगळ्यांना सारखी आहे.’ मग तिने प्रश्न बदलला. प्रोबेशनमध्ये रजा मिळते का? गणपतीचे पाच दिवस आत्ताच मंजूर करून मिळतील का? आणि शुक्रवार-सोमवार रजा घेतली तर मधले शनिवार-रविवारही रजेत कापतात का? या शेवटच्या प्रकाराला सँडविच लीव्ह म्हणतात, आणि भल्याभल्यांचे गोव्याचे प्लॅन त्याने खाल्ले आहेत! तिच्या ऑफिसात ती भानगड नव्हती. गणपतीचे पाच दिवस मॅनेजरने तिथल्या तिथे मंजूर केले. आकडा तोच राहिला, पण सुट्टी नेमकी हवी तेव्हा मिळाली.

तिसरी मागणी कोर्सची, 25 हजारांची. इथे दोन खड्डे आहेत. पहिला, ही रक्कम सीटीसीच्या आत आहे की बाहेर? आत असेल तर तुमच्याच पगारातला तुकडा तुम्हालाच भेट म्हणून मिळतोय. दुसरा खड्डा वसुलीच्या अटीचा. ‘एका वर्षाच्या आत सोडल्यास पूर्ण रक्कम परत’ असं तिच्या पत्रात होतं. तिने विचारलं, अकराव्या महिन्यात सोडलं तरी पूर्णच का? शेवटी अट बदलली, जितके महिने बाकी तितक्याच हिश्शाचे पैसे परत.

तिचा मेल अगदी साधा होता: ‘पगाराची मर्यादा समजली. या तीन गोष्टी जमल्या तर मी ऑफर स्वीकारायला तयार आहे. मंगळवार-गुरुवार घरून काम, गणपतीची रजा आणि कोर्सचा खर्च. सर्वांत महत्त्वाचं घरून काम.’ रडगाणं नाही, धमकी नाही. समोरच्याला दिसतं की एवढं दिलं की विषय संपतो. आणि हा मेल गेला ऑफर आल्यावर, पण जुन्या नोकरीचा राजीनामा देण्याआधी. राजीनामा देऊन बसलात की तुमच्या मागणीत दम उरत नाही.

घरून कामाला होकार आला, पण पत्रात शब्द होते ‘मॅनेजरच्या संमतीनुसार’. मॅनेजर बदलला की संपलं! तिने वार लिहून घेतले आणि बदल करायचा तर महिनाभर आधी कळवायचं, हेही घातलं. तीन महिन्यांच्या प्रोबेशननंतर सवलत सुरू होईल, एवढी अट तिने मान्य केली. तोंडी ‘बघू, ॲडजस्ट करू’ला शून्य मार्क द्या.

आता कडू गोळी. पुढची इन्क्रिमेंट टक्क्यांत येते, ती मूळ पगारावर. दरवर्षी दहा टक्के धरले तर आजचा 80 हजारांचा फरक तीन वर्षांनी 1 लाख 6 हजारांवर जातो. पीएफ, ग्रॅच्युइटी पगारावरच मोजतात. मीरा रोडला वन बीएचके घ्यायचा असेल तर बँक सॅलरी स्लिप बघते, तुमचे मंगळवार-गुरुवार नाही. पुढची कंपनीही ‘करंट सीटीसी किती?’ हेच विचारते. म्हणून दोन वर्षांत कर्ज काढायचं असेल किंवा घर तुमच्या एकट्याच्या पगारावर चालत असेल, तर हा सौदा तुमच्यासाठी नाही. मैत्रिणीला संध्याकाळचा एक डिप्लोमा पूर्ण करायचा होता आणि त्यासाठी तासच हवे होते, म्हणून तिचं गणित जमलं.

तेव्हा मेलला उत्तर लिहिण्याआधी कागदावर दोन आकडे मांडा. पगारात किती कमी पडतंय आणि आठवड्याचे किती तास परत मिळतायत. कुठल्याची टंचाई जास्त, ते तुमचं तुम्हालाच कळेल. भाईंदरला दारातून आत घुसताना तर नक्कीच!