आडवी छापलेली कविता

आज एकाच कवितेविषयी, आणि त्याहून अधिक तिच्याभोवतीच्या कोऱ्या जागेविषयी. जॉर्ज हर्बर्ट या इंग्रज कवि-धर्मोपदेशकाचा 'द टेंपल' हा संग्रह १६३३ साली केंब्रिज येथे छापला गेला. त्यात 'ईस्टर विंग्ज' नावाची दोन कडव्यांची कविता आहे. मी ती प्रथम वाचली तेव्हा संग्रहात दोन्ही कडवी एकाखाली एक, सरळ छापलेली होती. ती मला वाळूच्या घड्याळांसारखी दिसली. शीर्षकातले पंख कुठे आहेत, हे मात्र कळेना.

पहिल्या आवृत्तीचे छायाचित्र पाहिल्यावर उलगडा झाला. तेथे समोरासमोरच्या दोन पानांवर एकेक कडवे आहे आणि ओळी आडव्या नसून पानाच्या उंचीच्या दिशेने धावतात. पुस्तक नेहमीसारखे धरले तर मजकूर वाचता येत नाही, पण पसरलेल्या पंखांच्या दोन जोड्या ताबडतोब दिसतात. वाचण्यासाठी पुस्तक फिरवावे लागते, आणि फिरवताच पंख नाहीसे होऊन ओळी उरतात. आधी पाहायचे, मग वाचायचे, असा क्रम त्या मांडणीने घालून दिला आहे.

हा आकार केवळ समास कमीजास्त करून साधलेला नाही. प्रत्येक कडव्यात दहा ओळी आहेत. पहिल्या ओळीत साधारण १० उच्चारखंड, पुढे ८, ६, ४ आणि पाचवीत २. सहावीतही २, आणि तेथून ओळी पुन्हा १० पर्यंत रुंदावत जातात. म्हणजे प्रत्येक पायरीला छंदातला एक गण गळतो किंवा जोडला जातो. आशयही याच वाटेने जातो. पहिल्या कडव्यात सुखसंपन्न मानव पापामुळे सर्व गमावत जातो; तो अत्यंत दरिद्री होतो तेथे ओळ सर्वांत आखूड आहे. दुसऱ्यात कवी स्वतः दुःखाने आणि व्याधीने झिजतो, आणि त्याच जागी अत्यंत कृश होतो. त्यानंतर ख्रिस्ताच्या पुनरुत्थानासोबत वर झेपावण्याची प्रार्थना येते. कान मिटून नुसते पाहिले तरी आणि डोळे मिटून नुसते ऐकले तरी घट आणि वाढ जाणवते.

कल्पना हर्बर्टची नव्हे. इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास ऱ्होड्सच्या सिमियास या ग्रीक कवीने पंखाच्या आकाराची कविता रचली होती, तीही ओळींचे गण घटवत-वाढवत. (आपल्या पोथ्यांत ओव्या सलग लिहीत, ओवी कोठे संपली हे दंड आणि क्रमांकावरून कळे. तेथे असा आकार उमटायला जागाच नव्हती.)

छापखान्यात कोरी जागा ही रिकामी नसते, हेही ध्यानात घ्यावे. खिळे जुळवणाऱ्याला ती अक्षरांपेक्षा उंचीने कमी अशा कोऱ्या धातूच्या तुकड्यांनी भरावी लागे, नाहीतर ओळ सुटून पडे. आखूड ओळीलाही पूर्ण रुंदीची मेहनत लागे.

आता वादाचा मुद्दा. हर्बर्ट १६३३ च्या मार्चमध्येच वारला. हस्तलिखित त्याने निकोलस फेरार या मित्राकडे पाठवले होते. छापील पान त्याने पाहिलेच नाही. मग आडवी मांडणी कवीची कशावरून, असे सरळ छापणारे संपादक म्हणू शकतात, आणि शंका रास्त आहे. परंतु पान लहान म्हणून ओळी फिरवल्या, हे स्पष्टीकरण टिकत नाही. त्याच पुस्तकातल्या 'द चर्च-पोर्च' या दीर्घ कवितेतल्या १० उच्चारखंडांच्या ओळी त्याच पानावर सरळ मावल्या आहेत. वेदीच्या आकाराची 'द ऑल्टर' ही कविताही सरळच आहे. फिरवणे सक्तीचे नव्हते. कोणीतरी विचारपूर्वक तसे ठरवले.

या प्रकाराची टिंगलही झाली. ड्रायडनने १६८२ साली पंख आणि वेद्या रचणाऱ्यांना चिमटा काढला, तर १७११ मध्ये ॲडिसनने 'स्पेक्टेटर'मध्ये असल्या आकारकवितांना खोट्या चातुर्यात जमा केले. केवळ आकारासाठी ओळ ताणली असेल तर ॲडिसनचे म्हणणे मला मान्य आहे. पण एखादी ओळ लांब केली की अर्थच बिघडतो, अशी कविता त्या आरोपातून सुटते.

म्हणून माझे मत असे: आजच्या संपादकाला ही कविता सरळ छापायचीच असेल तर खुशाल छापावी, परंतु मूळ पान आडवे होते हे तेथेच नोंदवावे. नोंदीविना सरळ केलेले पान हा बदललेला पुरावा आहे. शिलालेखाची एखादी ओळ कोणी गुपचूप हलवली असती तर आपण गप्प बसलो नसतो. तुमच्या संग्रहात ही कविता असेल तर पान उघडून पाहा: पंख दिसतात की घड्याळ?