सॉफ्टवेअरचा ठपका म्हणजे निदान नव्हे

एआयच्या वापराचे नवे नियम कळवणारा ई-मेल हल्ली शिक्षक वर्गाला पाठवतात. त्यात ‘सॉफ्टवेअरने पकडल्यास शून्य गुण’ असे लिहिलेले असेल, तर डॉक्टर म्हणून मला ते खटकते. ही फक्त चाळणी चाचणी आहे.

ओपनएआय कंपनीने स्वतःचेच असे साधन २०२३ मध्ये कमी अचूकतेमुळे मागे घेतले. कंपनीच्याच चाचणीत ते एआयचे लेखन शंभरात २६ वेळा ओळखत होते आणि माणसाचे लेखन शंभरात ९ वेळा एआयचे ठरवत होते. समजा, शंभर जणांच्या वर्गात दहा जणांनी एआयकडून निबंध लिहून घेतला. असे साधन त्यातले सुमारे तीन पकडेल आणि उरलेल्या नव्वदांपैकी आठ प्रामाणिक मुलांवरही ठपका ठेवेल. म्हणजे अकरा संशयितांत आठ निर्दोष! साधने सुधारली, तरी प्रामाणिक मुलेच जास्त असलेल्या वर्गात हा धोका राहतोच.

एचआयव्हीची पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली, तरी आम्ही लगेच निदान करत नाही. आणखी वेगळ्या चाचण्या करून खात्री करतो. ई-मेलमध्येही तसेच स्पष्ट लिहावे: संशय आल्यास कच्चा मसुदा पाहू, दहा मिनिटे तोंडी प्रश्न विचारू, मगच निर्णय घेऊ.